लसीकरण शिबिराचा मजकूर : माझं एक चुकलेलं वाक्य

माझ्या नेहमीच्या लेखांत मी एखादा आजार घेते आणि तो का होतो, कसा ओळखायचा, काय करायचं ते सांगते. आज मात्र माझ्याच एका चुकीबद्दल लिहिते आहे. चूक औषधाची नव्हती, शब्दांची होती. एका फोटोखाली मी सात-आठ ओळी लिहिल्या होत्या आणि त्यातल्या एका ओळीने एका आईला रात्रभर जागं ठेवलं.

२०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवरची मोठी साथ आली होती, हे तुम्हाला आठवत असेल. गोवंडीच्या बातम्या रोज टीव्हीवर येत होत्या. त्यानंतर राज्यात ठिकठिकाणी लहान मुलांना गोवर-रुबेला लसीचा एक जादा डोस देण्याची मोहीम निघाली. आमच्या गावातल्या एका वस्तीतही शिबिर ठरलं. लस सरकारी, टोचणार सिस्टर, घरोघर सांगायला आशाताई. माझ्याकडे काम आलं ते एवढंच : व्हॉट्सअॅपवर फिरवायला एक फोटो निवडायचा आणि त्याखाली मजकूर लिहायचा. दवाखाना बंद करता करता, दहा मिनिटांत मी तो लिहून टाकला. तो असा होता :

"सावधान! जीवघेणा गोवर आपल्या दारात! उद्या आपल्या वस्तीत मोफत गोवर-रुबेला लसीकरण शिबिर. ५ वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना लस अवश्य द्या. लस शंभर टक्के सुरक्षित, कोणताही दुष्परिणाम नाही. घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा!"

फोटो होता चेहरा आणि छाती लाल पुरळाने भरलेल्या एका बाळाचा. लोकांना गांभीर्य कळावं म्हणून मी तो मुद्दाम निवडला होता. तेव्हा मला हे सगळं झकास वाटलं होतं. वाचून पाहा, तुम्हालाही त्यात लगेच काही खटकणार नाही. असे मजकूर आपण रोज वाचतो.

नवव्या दिवशीचा ताप

शिबिर १८ डिसेंबरला झालं. २७ डिसेंबरच्या सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच एक आई, अकरा महिन्यांचं बाळ आणि आजी दारात उभ्या होत्या. बाळाला आदल्या संध्याकाळपासून ताप होता. मी मोजला तेव्हा १०१ भरला. कानामागे आणि छातीवर फिकट, बारीक पुरळ होतं. बाळ किरकिरं होतं, पण दूध घेत होतं, आईकडे बघून हसत होतं. छाती स्वच्छ, कान ठीक, श्वास नेहमीसारखा.

आजी म्हणाल्या, "डॉक्टरबाई, लसीनं गोवर काढला बघा पोराला."

मी त्यांना समजावून सांगू लागले. गोवरच्या लसीत गोवरचाच विषाणू असतो, पण कमजोर केलेला आणि जिवंत. तो शरीरात गेल्यावर थोडा वाढतो, आणि त्याच्याशी झुंजताना शरीर प्रतिकारशक्ती तयार करतं. या झुंजीला साधारण आठवडाभर लागतो. म्हणून या लसीचा ताप त्याच रात्री येत नाही, तो सातव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास येतो. शंभरातल्या पाच ते पंधरा मुलांना असा ताप येतो आणि दोन ते पाच मुलांच्या अंगावर फिकट पुरळ दिसतं. एक-दोन दिवसांत दोन्ही जातं. खऱ्या गोवरसारखे लाल, चिकट डोळे, जोराचा खोकला आणि मलूल पडलेलं मूल असं चित्र इथे नसतं. आणि हे पुरळ घरातल्या दुसऱ्या मुलाला लागत नाही.

आईने सगळं शांतपणे ऐकलं. मग मोबाईल काढून माझाच मजकूर माझ्यासमोर धरला.

"मॅडम, यात तर तुम्ही लिहिलंय की कोणताही दुष्परिणाम नाही. ताप येतो हे तुम्हाला ठाऊक होतं ना? मग लिहिलं का नाही? रात्रभर मला वाटत होतं, माझ्याच बाळाचं काहीतरी वेगळं झालंय."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लस चांगलीच होती आणि बाळाचं सगळं अपेक्षेप्रमाणेच चाललं होतं. खोटी होती ती माझी ओळ. ताप येऊ शकतो हे मला माहीत असूनही, लोक बिचकतील म्हणून मी ते गाळलं होतं. त्याचा परिणाम असा झाला की ठरल्या वेळी येणारा साधा ताप त्या घराला संकट वाटला. आणि ती बाई तर दवाखान्यात आली. ज्या आल्या नाहीत, त्यांनी घरच्या घरी काय अर्थ लावला असेल?

त्याचं उत्तर आशाताईंकडून दोनच दिवसांत मिळालं. वस्तीत बोललं जात होतं की लसीने एका पोराला गोवर झाला. आणि पुरावा म्हणून काय दाखवलं जात होतं? माझाच फोटो! पुरळ आलेलं बाळ आणि खाली "गोवर-रुबेला लसीकरण शिबिर" हे शब्द. घाईत पाहणाऱ्याने त्याचा अर्थ "लस घेतल्यावर असं होतं" असा लावला, तर त्याला दोष कसा देणार?

राहिलेल्या मुलांसाठी पुढचं शिबिर २२ जानेवारीला ठरलं होतं. या वेळी मजकूर लिहायला मी दहा मिनिटांऐवजी तीन संध्याकाळी दिल्या. एकेक ओळ घेऊन बसले. तेच तुम्हाला सांगते.

"उद्या" आणि "आपल्या वस्तीत"

सर्वांत साधी चूक पहिली. व्हॉट्सअॅपवर "उद्या" हा शब्द कधीच शिळा होत नाही. १७ तारखेला पाठवलेला निरोप २० तारखेलाही कोणीतरी पुढे ढकलतं आणि वाचणाऱ्यासाठी "उद्या" म्हणजे २१ तारीख होते. शिबिर संपल्यावर दोन दिवसांनी दोघी जणी मुलांना घेऊन अंगणवाडीच्या बंद दारापाशी उभ्या होत्या, असं मला मागाहून कळलं. "आपल्या वस्तीत" याचंही तसंच. निरोप वस्तीबाहेर गेला की "आपली वस्ती" वाचणाऱ्याची होते.

म्हणून वार, तारीख, महिना आणि वर्ष, चारही लिहायचं. वार आणि तारीख दोन्ही असली की लिहिताना चूक झाली तरी ती पकडता येते, कारण दोन्ही जुळत नाहीत. जागा लिहायची ती लोक ज्या नावाने ओळखतात त्या नावाने. सरकारी कागदावर त्या अंगणवाडीला एक क्रमांक आहे. वस्तीत तिला सगळे "मारुतीच्या देवळामागची अंगणवाडी" म्हणतात. मी तेच लिहिलं.

आणि हे सगळं पहिल्या ओळीत. फोटोखालचा लांब मजकूर मोबाईलवर पूर्ण दिसत नाही. सुरुवातीच्या काही ओळी दिसतात, बाकीचं उघडून वाचावं लागतं. पहिल्या वेळी त्या मोक्याच्या ओळींत मी "सावधान" आणि "जीवघेणा" बसवले होते आणि जायचं कुठे ते खाली दडलं होतं.

"५ वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना"

हे वाचून एक आई सात महिन्यांच्या बाळाला घेऊन वीटभट्टीवरून चालत आली होती. सिस्टरनी तिला परत पाठवलं. चूक सिस्टरची नव्हती. आमच्याकडच्या मोहिमेत लस नऊ महिने पूर्ण झालेल्या बाळांपासून पुढे होती. त्याला कारण आहे. जन्माच्या वेळी बाळाला आईकडून काही प्रतिकारशक्ती मिळालेली असते. ती हळूहळू कमी होते, पण असेपर्यंत ती लसीतल्या कमजोर विषाणूलाही मोडून काढते आणि डोस नीट लागू पडत नाही. म्हणून आपल्या नेहमीच्या वेळापत्रकातही पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो. साथ जोरात असेल अशा भागांत आरोग्य विभाग सहा महिन्यांच्या बाळांनाही एक डोस द्यायला सांगतो, पण तो मोजणीत धरत नाहीत. नेहमीचे दोन डोस पुढे घ्यावेच लागतात.

मजकुरात हे सगळं लिहायची गरज नव्हती. "सर्व" हा एक शब्द काढून "९ महिने पूर्ण झालेल्या बाळापासून ५ वर्षे पूर्ण न झालेल्या मुलांपर्यंत" एवढं लिहिलं असतं, तर त्या माउलीची पायपीट वाचली असती. "९ महिने ते ५ वर्षे" हे छोटं दिसतं, पण नववा महिना लागलेलं बाळ त्यात बसतं की नाही, यावर आमच्या तिघींतच दुमत झालं. "पूर्ण झालेल्या" म्हटलं की प्रश्न मिटतो.

दुसरी अडचण उलट बाजूची. "आमच्या मुलीचे दोन्ही डोस झालेत, म्हणून आम्ही आलो नाही," असं कितीतरी जणांनी सांगितलं. हा डोस जादा होता, आधीचे झालेल्या मुलांनाही द्यायचा होता. पहिल्या मजकुरात त्याबद्दल अक्षर नव्हतं. जादा कशासाठी, तर नऊ महिन्यांना दिलेला पहिला डोस शंभरातल्या साधारण ८५ मुलांनाच पुरेसं संरक्षण देतो. दोन्ही डोस झाले की हा आकडा ९७ च्या आसपास जातो. साथीच्या दिवसांत ज्या थोड्या मुलांत लस लागू पडलेली नसते, ती बाहेरून ओळखता येत नाहीत. म्हणून सगळ्यांनाच एक डोस जास्तीचा. त्याने आधी संरक्षण मिळालेल्या मुलाचं नुकसान होत नाही. फक्त मागच्या डोसनंतर चार आठवडे गेलेले असावे लागतात, आणि ते कार्डावरून कळतं.

"शंभर टक्के सुरक्षित, कोणताही दुष्परिणाम नाही"

ही ती ओळ. तिच्या जागी काय लिहावं यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला.

आधी मनात आलं की "ताप आल्यास घाबरू नका" लिहावं. आपण डॉक्टर मंडळी हे वाक्य दिवसातून वीस वेळा वापरतो. पण माझ्या दवाखान्यात काम करणाऱ्या मावशींना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "घाबरू नका म्हटलं की माणूस पहिलं घाबरतंय, मॅडम. एसटीचा ड्रायव्हर कधी म्हणतो का, घाबरू नका म्हणून?"

त्यांचं अगदी खरं होतं. "घाबरू नका" यात काहीच माहिती नाही. ताप कधी येईल, किती दिवस राहील, मी काय करायचं आणि कधी खरंच धावायचं, यातलं ते काही सांगत नाही. धीर या चार गोष्टींनी येतो. आईला आधीच माहीत असेल की आठवड्याने ताप येऊ शकतो, तर तो आला तेव्हा ती म्हणते, "हं, हाच तो."

म्हणून मी त्या चार प्रश्नांची चार उत्तरं लिहिली. कधी : लस घेतल्यावर ७ ते १२ दिवसांनी. काय : काही मुलांना ताप, थोड्यांना अंगावर बारीक पुरळ. किती : एक-दोन दिवस. मग काय करायचं : अंगावर हलके कपडे, दूध आणि पाणी नेहमीसारखं, आणि गरज वाटली तर तापाचं औषध.

"एक चमचा पॅरासिटामॉल" असं लिहायचा मोह झाला होता. तो मी आवरला, आणि का आवरला ते तुम्ही घरातही लक्षात ठेवा. पॅरासिटामॉलचं सिरप वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. एका बाटलीच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असतं, तर दुसरीच्या तेवढ्याच मापात २५०. लहान मुलांना एका वेळी दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे नऊ किलोच्या बाळाला ९० ते १३५ मिलिग्रॅम. पहिल्या बाटलीतलं ५ मिलिलिटर माप त्याला बरोबर बसतं, दुसरीतलं दुपटीच्या आसपास जातं. शिवाय चमचा प्रत्येक घरात वेगळा. शेकडो घरांत जाणाऱ्या मजकुरात असं माप लिहिता येत नाही. म्हणून लिहिलं, "तापाचं औषध किती द्यायचं ते सिस्टरना विचारून घ्या." शिबिरात बाळाचं वजन करून माप सांगता येतं.

राहिला शेवटचा प्रश्न : कधी धावायचं? इथे मी आधी मोठी यादी केली आणि मग ती कापली. यादी लांबली की वाचणारी व्यक्ती पहिली एक-दोनच लक्षणं लक्षात ठेवते. चार ठेवली : ताप दोन दिवसांपेक्षा जास्त टिकला, झटका आला, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, किंवा बाळ सुस्त पडून दूध घेईना. यांतलं काहीही झालं तर लगेच दाखवायचं. दोन दिवसांची मर्यादा महत्त्वाची आहे. लस घेतल्यानंतर आलेला प्रत्येक ताप लसीचाच असतो असं नाही. त्याच आठवड्यात बाळाला न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्गही होऊ शकतो. "लसीचाच आहे" म्हणून तो ताप घरी ठेवला गेला, तर माझ्या धीर देणाऱ्या वाक्यानेच घात व्हायचा.

आणि अर्धा तास थांबण्याबद्दल. लसीनंतर जोराची अॅलर्जी फारच क्वचित येते, दहा लाख डोसांमागे एखाद-दुसऱ्या मुलाला. पण आली तर ती बहुधा पहिल्या काही मिनिटांतच येते आणि तिच्यावरचं इंजेक्शन सिस्टरकडे तयार असतं. "थांबा, कारण जिवाला धोका असतो" असं लिहायची गरज नव्हती. "लस टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा, सिस्टर बाळाकडे लक्ष ठेवतील" एवढं पुरलं.

"जीवघेणा गोवर आपल्या दारात"

यावर आमच्यात वाद झाला. आशाताईंचं म्हणणं, "मॅडम, थोडी भीती नको का? नाहीतर कोण येतंय? गोवर तर सगळ्यांनाच येऊन जातो, असं म्हणतात इथे."

त्यांचं अर्धं खरं होतं. आपल्याकडे गोवर हा लहानपणी "येऊन जाणारा" आजार समजतात. पुरळ "बाहेर पडू द्यायचं", औषध द्यायचं नाही, अशीही समजूत आहे. गोवर साधा नाही हे सांगणं गरजेचंच होतं. पण "जीवघेणा" या शब्दातून काहीच कळत नाही. गोवर कसा त्रास देतो, ते सांगितलं तर कळतं. गोवरमध्ये मुलाची प्रतिकारशक्ती खचते आणि त्यामागून न्यूमोनिया, जुलाब, कानाचा पू असे त्रास येतात. कुपोषित मुलांत डोळ्यांवरही परिणाम होतो, कधी दृष्टी जाते. मृत्यू होतात ते बहुतेक अशा गुंतागुंतीमुळेच. एका साध्या वाक्यात मी लिहिलं, "गोवरनंतर काही मुलांना न्यूमोनिया होतो आणि तो जिवावर बेतू शकतो." शब्द शांत आहेत, पण यात काही लपवलेलं नाही. वस्तीतल्या बायकांना न्यूमोनिया ठाऊक आहे. कोणाचं ना कोणाचं मूल त्यासाठी तालुक्याला भरती झालेलं आहे.

"आपल्या दारात" हे तर मी निव्वळ ठोकून दिलं होतं. तेव्हा वस्तीत तीन मुलांना पुरळासह ताप होता, त्यांचे रक्ताचे नमुने पाठवलेले होते आणि अहवाल यायचे होते. पुरळासह ताप अनेक विषाणूंनी येतो. अहवालाआधी "गोवर आला" म्हणणं आणि मुळात "साथ" जाहीर करणं हा माझा अधिकार नव्हता. शिवाय त्या तीन घरांकडे लोक कसे बघू लागले, ते आशाताईंनी मागाहून सांगितलं. एका घरी दूधवाल्याने दूध दारातच ठेवायला सुरुवात केली होती. नव्या मजकुरात वस्तीत कोणाला काय झालंय याबद्दल एक शब्द नव्हता. लस घ्यायला त्याची गरजच नसते.

"अफवांवर विश्वास ठेवू नका" ही ओळही काढली. ज्याने अफवा ऐकलीच नव्हती, तो ती वाचून विचारतो, "कसली अफवा?" वस्तीतल्या एका खऱ्या शंकेला उत्तर द्यायचं होतं, "लसीने गोवर होतो का?" आणि ते ताप-पुरळाच्या ओळीत आलेलंच होतं.

फोटोही बदलला. या वेळी अंगणवाडीचं निळं दार आणि त्यासमोर उभ्या सिस्टर. मूल कुठलंच नाही, म्हणजे कोणाच्या आई-वडिलांची परवानगी घ्यायचा प्रश्न नाही. आणि दार पाहताच जागा ओळखू येते.

वाचून दाखवणं

पाठवण्याआधी मी एक काम केलं, जे पहिल्या वेळी करायला हवं होतं. आशाताईंबरोबर वस्तीत जाऊन तीन बायकांना मजकूर वाचून दाखवला. "समजलं का?" असं विचारलं नाही, कारण त्याला सगळे "हो" म्हणतात. विचारलं, "आता तुम्ही तुमच्या जावेला हे कसं सांगाल?"

पहिलीने तारीख, वेळ, जागा बरोबर सांगितली. दुसरी म्हणाली, "कार्ड न्यायचं, पण आमचं पुरात गेलं, म्हणजे आम्ही जायचं नाही." ही गोष्ट माझ्या डोक्यातही आली नव्हती. लगेच ओळ वाढवली : "कार्ड हरवलं असलं तरी या." तिसरी म्हणाली, "सर्दी असली तर लस देत नाहीत ना?" साधी सर्दी, हलका खोकला असेल तर ही लस देता येते. जोराचा ताप किंवा मोठं आजारपण असेल, आधीच्या डोसला जोराची अॅलर्जी आली असेल, किंवा प्रतिकारशक्ती फार कमी करणारा आजार अथवा उपचार चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. तिच्यामुळे तीही ओळ आली.

शेवटी पाठवलेला मजकूर हा :

"गोवर-रुबेला लस, मोफत. रविवार, २२ जानेवारी २०२३, सकाळी १० ते दुपारी २. मारुतीच्या देवळामागची अंगणवाडी.

९ महिने पूर्ण झालेल्या बाळापासून ५ वर्षे पूर्ण न झालेल्या मुलांपर्यंत. आधीचे डोस झाले असले तरी हा जादा डोस आहे. मागच्या डोसला चार आठवडे झालेले असावेत. लसीकरणाचं कार्ड आणा. कार्ड हरवलं असलं तरी या.

गोवरनंतर काही मुलांना न्यूमोनिया होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. ही लस गोवरपासून संरक्षण देते.

साधी सर्दी असली तरी लस देता येते. जोराचा ताप, मोठा आजार किंवा आधीच्या लसीची अॅलर्जी असेल तर आधी विचारा. लस टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा, सिस्टर बाळाकडे लक्ष ठेवतील.

लसीनंतर ७ ते १२ दिवसांनी काही मुलांना ताप येतो, थोड्यांना बारीक पुरळ दिसतं. एक-दोन दिवसांत जातं, दुसऱ्याला लागत नाही. दूध-पाणी चालू ठेवा. तापाचं औषध किती द्यायचं ते सिस्टरना विचारून घ्या. ताप दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला, झटका आला, श्वासाला त्रास झाला किंवा बाळ सुस्त पडून दूध घेईना, तर लगेच दाखवा."

खाली आशाताईंचा फोन नंबर. मजकूर पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा झाला, हे खरं. पण महत्त्वाचं वर आहे. ज्याला फक्त कुठे आणि कधी हे हवं, त्याचं काम पहिल्या परिच्छेदातच होतं. खालचा भाग शिबिराच्या दिवशीपेक्षा नंतरच्या आठवड्यात उपयोगी पडावा म्हणून लिहिला होता.

मजकुराच्या जोरावर सगळे आले, असं म्हणणार नाही. काही घरांनी दार उघडलं नाहीच. मुलाचे वडील कामावर, निर्णय आजोबांचा, अशा घरांत फोटोखालच्या ओळींनी काही होत नाही. तिथे आशाताईच दोनदा-तीनदा जाऊन बसल्या. २७ डिसेंबरच्या त्या आईने मात्र शेजारणीच्या मुलाला स्वतः आणलं होतं.

३१ जानेवारीच्या संध्याकाळी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे एक तरुण आई होती, आवाजात घाई नव्हती.

"मॅडम, आशाताईंनी नंबर दिला. तुम्ही लिहिलेला ताप आलाय बाळाला. दूध पितोय, खेळतोय. औषध सिस्टरनी सांगितलं तेवढं दिलंय. परवापर्यंत उतरला नाही तर घेऊन येते, चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल." ताप दुसऱ्या दिवशी रात्री उतरला. ती दवाखान्यात आलीच नाही. फोनवर तेवढं कळवलं.